जनगणनेचे आकडे गावाच्या सीमेवर कसे बसवतात

गावनिहाय लोकसंख्येचा किंवा साक्षरतेचा नकाशा तयार करायला दोन फायली लागतात. एक जनगणनेचा तक्ता. त्यात प्रत्येक गावासाठी एक ओळ असते आणि पुढच्या रकान्यांत घरे, लोकसंख्या, साक्षर, कामकरी असे आकडे असतात. दुसरी सीमांची फाईल, म्हणजे नकाशाचा लेयर. त्यात प्रत्येक गावाची आकृती आणि तिला चिकटवलेले नाव असते. तक्त्यातली ओळ योग्य आकृतीला जोडणे एवढेच काम असते. पण या दोन फायली वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या काळात तयार झालेल्या असतात. मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना प्रत्येकाने आपापली पद्धत वापरलेली असते. संगणक मात्र एका अक्षराचा फरक दिसला तरी ती दोन वेगळी गावे मानतो.

नावांकडे वळण्याआधी कोड शोधावा. 2011 च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे. राज्याचा कोड दोन अंकी (महाराष्ट्राचा 27), जिल्ह्याचा तीन अंकी आणि तालुक्याचा पाच अंकी आहे. सीमांच्या लेयरमध्ये हाच गावकोड असेल, तर जोडणी त्यावरूनच करावी आणि नावे फक्त पडताळणीसाठी ठेवावीत. इथे एक सापळा असतो. एका फाईलमध्ये कोड अंक म्हणून आणि दुसरीत अक्षरे म्हणून साठवलेला असेल, तर दोन्ही डोळ्यांना सारखे दिसूनही जुळत नाहीत. तालुक्याचे कोड शून्याने सुरू होत असतील, तर स्प्रेडशीटमध्ये फाईल उघडताच ते शून्य गळून पडते. म्हणून कोडचे सगळे रकाने आधी अक्षररूपात आणून घ्यावेत.

लेयरमध्ये कोड नसेल किंवा तो आधीच्या जनगणनेचा असेल, तर नावांचाच आधार उरतो. अशा वेळी तक्ता आधी गाळून घ्यावा लागतो. 2011 च्या प्राथमिक जनगणना सारात गावांच्या ओळींबरोबर राज्य, जिल्हा आणि तालुक्याच्या बेरजांच्या ओळीही असतात, शिवाय शहरांच्या आणि प्रभागांच्याही. `Level` या रकान्यात ओळ कोणत्या पातळीची आहे ते लिहिलेले असते. जोडणीसाठी तिथे `VILLAGE` असलेल्या ओळीच घ्याव्यात. हे राहून गेले, तर तालुक्याच्या नावाचे एखादे गाव अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन नकाशावर येते.

त्यानंतर जिल्हे आणि तालुके हाताने जुळवावेत. ते थोडेच असतात, त्यामुळे कष्टही थोडेच पडतात. मात्र कोणत्या वर्षीची रचना धरायची हे आधी ठरवावे लागते. 2011 च्या तक्त्यात पालघर जिल्हा नाही. तो 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून नव्या लेयरमधल्या पालघरच्या गावांचे आकडे तक्त्यात ठाण्याखाली शोधावे लागतात. उस्मानाबाद आणि औरंगाबाद ही नावे 2023 मध्ये धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर अशी बदलली, त्यामुळे नव्या फाईलमध्ये जुनी नावे सापडणार नाहीत. हे काम एकदा नीट झाले की प्रत्येक गाव फक्त आपल्या तालुक्यातच शोधायचे असते. पिंपळगाव किंवा वडगाव नावाची गावे राज्यात ठिकठिकाणी आहेत. तालुक्याचे कुंपण घातल्यावर त्यांच्यातला बहुतेक गोंधळ मिटतो.

आता गावांच्या नावांकडे वळता येते. पुणे जिल्ह्यातला हवेली तालुका घेऊ. समजा, तक्त्यात `Wade Bolhai`, `Wagholi`, `Manjari Bk` आणि `Manjari Kh.` अशी नावे आहेत. लेयरमध्ये `Vadebolhai`, `Vagholi`, `Manjari Budruk` आणि `Manjari Kh` असे लिहिले आहे. दोन नावे किती जवळची आहेत हे मोजण्याची एक सोपी पद्धत आहे. एका नावापासून दुसरे बनवायला किती अक्षरे बदलावी, वाढवावी किंवा काढावी लागतात ते मोजायचे. या संख्येला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सोडला, तर `Wade Bolhai` आणि `Vadebolhai` यांच्यातले अंतर 2 येते, कारण एक अक्षर बदलावे लागते आणि मधली मोकळी जागा काढावी लागते. ही जोडी बरोबर आहे.

आता तक्त्यातल्या `Manjari Bk` चे अंतर मोजून पाहू. `Manjari Budruk` पासून ते 4 आहे आणि लेयरमधल्या `Manjari Kh` पासून 2. सर्वांत जवळचे नाव आपोआप निवडणारा प्रोग्रॅम मांजरी बुद्रुकची माणसे मांजरी खुर्दवर नेऊन ठेवेल. नकाशावर कुठेही रिकामी जागा दिसणार नाही आणि चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. साम्याची मर्यादा कितीही काळजीपूर्वक ठरवली तरी हा दोष जात नाही, कारण चुकीच्या जोडीचे अंतर बरोबर जोडीइतकेच आहे.

म्हणून मोजणीआधी दोन्ही फायलींतली नावे एकाच नियमाने सारखी करून घेतात. सगळी अक्षरे लहान करायची, टिंबे काढायची, आणि `Bk`, `B.K.`, `Bk.` या सगळ्यांचे `budruk` व `Kh` चे `khurd` करायचे. मोकळ्या जागा शेवटी काढायच्या, नाहीतर संक्षेप ओळखता येत नाहीत. `w` आणि `v` एक मानायचे, `aa` चे `a` आणि `ee` चे `i` करायचे. नावातल्या ‘तर्फे’ या शब्दाचे `T.`, `Tf.`, `Tarf` असे अवतारही एकाच रूपात आणायचे. एवढे केल्यावर वरची चारही नावे अंतर न मोजताच तंतोतंत जुळतात. उरलेल्या नावांसाठी अंतर वापरताना बुद्रुक, खुर्द आणि तर्फे हे भाग वेगळे काढावेत. ते दोन्हीकडे सारखेच असले पाहिजेत, आणि अंतर फक्त मूळ नावाचे मोजावे.

नियम अति सैल करण्यातही धोका असतो. म्हणून नियम लावल्यावर एकाच तालुक्यातली दोन गावे एकाच रूपावर येऊन आदळतात का, हे मोजून पाहावे. तसे झाले असेल, तर तो नियम मागे घ्यावा.

शेवटी जोडणीची परीक्षा घ्यायची ती नावांशी संबंध नसलेल्या पुराव्यावर. जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या ग्राम निर्देशिकेत प्रत्येक गावाचे भौगोलिक क्षेत्र हेक्टरमध्ये दिलेले असते. ते गावकोडावरून तक्त्याला सहज जोडता येते. नकाशातल्या आकृतीचे क्षेत्रफळ मोजून त्याच्याशी ताडून पाहावे. आकृत्या अक्षांश-रेखांशात असतील, तर त्या आधी मीटरमधल्या प्रक्षेपात आणाव्या लागतात. पुण्यासाठी यूटीएमचा 43 वा पट्टा चालतो, नागपूरसाठी 44 वा. थोडा फरक येणारच, कारण सीमा हाताने गिरवलेल्या असतात. पण तक्त्यात 400 हेक्टरचे असलेले गाव नकाशात 1,100 हेक्टरचे निघाले, तर नाव तंतोतंत जुळले असले तरी ती जोडी तपासायला बाजूला काढावी. जुळ्या नावांची अदलाबदल या परीक्षेत बहुधा उघडी पडते. दोन्ही गावांचे क्षेत्र जवळपास सारखे असेल तर मात्र ती निसटू शकते, आणि तेव्हा आकृतीची जागा आणि शेजारची गावे पाहूनच ठरवावे लागते.

दुसरी परीक्षा बेरजेची. जोडलेल्या गावांची लोकसंख्या आणि न जुळलेल्या ओळींची लोकसंख्या मिळून तालुक्याच्या ग्रामीण बेरजेइतकी भरली पाहिजे. बेरीज जास्त आली, तर बहुतेक वेळा कारण एकच असते. एखाद्या गावाची जमीन दोन तुकड्यांत असते, लेयरमध्ये त्याच्या दोन आकृत्या असतात आणि आकडा दोन्हींना चिकटतो. असे तुकडे जोडणीआधीच एकत्र करून घ्यावेत.

इतके करूनही काही गावे उरतात. त्यांतली काही शहराच्या हद्दीत गेलेली असतात, काही जनगणनेनंतर विभागलेली असतात, तर काहींची आकृतीच लेयरमध्ये नसते. त्यांना जवळच्या नावाशी बळेच जोडू नये. नकाशावर ती ‘माहिती उपलब्ध नाही’ अशा वेगळ्या रंगात दाखवावीत. शून्य लोकसंख्येची ओसाड गावे मात्र यांत मिसळू नयेत, कारण त्यांचा आकडा उपलब्ध आहे आणि तो शून्य आहे. हाताने ठरवलेली प्रत्येक जोडी गावकोड, दोन्ही नावे आणि निर्णयाचे कारण यांसह एका स्वतंत्र तक्त्यात नोंदवावी. हा तक्ता असला की त्याच लेयरवर दुसरे आकडे बसवताना नावे पुन्हा जुळवावी लागत नाहीत, जोडणी थेट कोडावरून होते.