ठेव कुठे, शेअर कुठे?

शेअर किती आणि ठेवी किती, हे बहुतेक जण विचार करून ठरवतात. कोणता पैसा कुठल्या खात्यात ठेवायचा, ते मात्र ठरवलं जात नाही, ते होत जातं. आणि कर नेमका तिथेच गळतो.

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एक नोकरदार बाई तीस टक्के कराच्या टप्प्यात आहेत. बँकेत 10 लाखांची मुदत ठेव आहे. एनपीएसमध्ये 14 लाख आहेत, त्यातले 10 लाख शेअरच्या योजनेत आणि बाकीचे सरकारी रोख्यांत. ठेवीवर 7 टक्के व्याज धरलं, तर उपकरासह 31.2 टक्के कर जाऊन हाती 4.8 टक्केच उरतात. हा कर दरवर्षी द्यावा लागतो, त्यामुळे त्या रकमेवरचं पुढचं व्याजही जातं. साठीला ठेव 27.6 लाखांऐवजी 20.25 लाख होते. म्हणजे सुमारे 7.3 लाख गेले.

आता जागांची अदलाबदल करू. एनपीएसमधले 10 लाख शेअरमधून रोख्यांत वळवायचे, या बदलावर कर नाही. ठेवीची मुदत संपली की ते पैसे इंडेक्स फंडाच्या ग्रोथ पर्यायात घालायचे. शेअर आणि ठेव-रोख्यांचं एकूण प्रमाण तेच राहतं. फंडावर कर लागतो तो विकतानाच, आणि वर्षभराहून जुन्या युनिटांवर वर्षाला सव्वा लाखापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. शेअर वर्षाला 12 टक्क्यांनी वाढले, तर 10 लाखांचे 54.7 लाख होतात आणि सगळं एकदम विकलं तरी उपकरासह कर सुमारे 5.65 लाख बसतो.

फायदा आहे, पण अफाट नाही. शेअर 15 टक्क्यांनी वाढले तर हाच कर नऊ लाखांवर जातो आणि हिशेब उलटतो. म्हणून मी फंड एकदम विकण्याच्या विरोधात आहे. दरवर्षी सव्वा लाख नफा होईल इतकेच जुने युनिट विकून पुन्हा घेतले, तर तेवढा नफा करमुक्त राहतो आणि खरेदीची किंमत वर सरकते. वाढता पैसा बाहेर ठेवण्याला आणखी एक कारण आहे. एनपीएसमधल्या रकमेच्या काही भागातून निवृत्तीवेळी पेन्शन विकत घ्यावीच लागते, आणि ती पेन्शन उत्पन्न म्हणून करपात्र असते.

दुखणंखुपणं, नोकरी जाणं यासाठीची ठेव मात्र या अदलाबदलीत धरू नये. एनपीएसमधला पैसा साठीपर्यंत जवळजवळ अडकलेला असतो, आणि बाजार कोसळलेला असताना फंड विकून रुग्णालयाचं बिल भरायची वेळ आली, तर वाचलेला सगळा कर एका दिवसात परत जातो.