मल्टिमीटरने मोटारसायकलची तपासणी: बॅटरी, चार्जिंग आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

मोटारसायकलच्या बारा व्होल्टच्या वायरिंगमधले बहुतेक दोष शोधायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. काळा प्रोब COM लिहिलेल्या भोकात आणि लाल प्रोब VΩ लिहिलेल्या भोकात घालायचा आणि चकती डीसी व्होल्टच्या 20 या आकड्यावर आणायची. या लेखातल्या एका चाचणीखेरीज सगळ्या मोजण्या याच जागेवर होतात. लाल प्रोब 10A च्या भोकात राहून गेला असेल, तर मीटर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये जाड तारेसारखा वागतो. मग ठिणगी उडते, मीटरचा फ्यूज जातो आणि स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसेल तर मीटरही जातो. म्हणून प्रोब टेकवण्याआधी भोके पाहून घ्यावीत.

पहिले मोजमाप बॅटरीचे, तेही गाडी बंद असताना. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दोन-तीन तास थांबून मोजणे उत्तम. नेहमीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उरली आहे आणि १२.० च्या खाली ती जवळपास रिकामी आहे. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम पाऊण व्होल्टचे अंतर असते. म्हणूनच ‘बारा दाखवतेय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येणारे वाक्य चुकीचे आहे.

पण उभ्या गाडीवर १२.७ दाखवणारी बॅटरीही निकामी असू शकते. हे सेल्फ मारल्यावर कळते. प्रोब बॅटरीच्या टोकांवर धरून दुसऱ्याला सेल्फचे बटण दाबायला सांगावे. आकडा दहाच्या आसपास उतरून तिथे टिकला तर बॅटरीत दम आहे. तो साडेनऊच्या खाली गेला आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती, तर तिच्या प्लेटा बहुधा संपल्या आहेत. सेल्फची मोटर अडकत असली तरी असे होते, एवढे लक्षात ठेवावे.

चार्जिंग तपासताना प्रोब बॅटरीवर तसेच ठेवायचे आणि इंजिन चालू करायचे. आयडलवर आकडा तेरा-साडेतेराच्या आसपास असतो. रेस देऊन इंजिन चार-पाच हजार आरपीएमला नेले की तो चढून १३.८ ते १४.५ च्या दरम्यान थांबायला हवा. थांबणे हाच यातला महत्त्वाचा भाग आहे. रेस वाढेल तसा आकडा पंधराच्या वर चढत गेला, तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट, व्होल्टेज आवरत नाही. अशा गाडीत बॅटरीतले पाणी आटते आणि बल्ब वरचेवर उडतात. उलट रेस देऊनही आकडा १२.५ लाच राहिला, तर बॅटरीला काही मिळतच नाही. ही चाचणी भरलेल्या बॅटरीवरच करावी. उतरलेली बॅटरी करंट ओढत राहते आणि सुरुवातीला आकडा खाली धरून ठेवते.

चार्जिंग नसेल तर दोष मॅग्नेटोच्या कॉइलमध्ये आहे की पुढे, हे ठरवायचे असते. तीन फेजच्या गाडीत कॉइलमधून तीन एकसारख्या वायरी निघतात. इंजिन बंद असताना त्यांचा कपलर सोडवायचा, मीटर एसी व्होल्टवर न्यायचा आणि इंजिन चालू करून दोन-दोन वायरींमधले व्होल्टेज पाहायचे. रेस दिल्यावर तिन्ही जोड्यांत ते सारखेच वाढले, तर ही चाचणी कॉइलला निर्दोष ठरवते. एखादी जोडी मागे पडली तर कॉइल जळलेली आहे. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण बऱ्याच गाड्यांत तो पन्नास व्होल्टच्या पुढे जातो. त्यामुळे उघड्या टोकांना हात लावू नये. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक सोडवून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची जुनी रीतही टाळावी. त्यात आरआर युनिट आणि ईसीयू दोन्ही जाऊ शकतात.

तिसरी चाचणी सर्वांत उपयोगी, पण सर्वांत कमी केली जाते. ती म्हणजे वायरिंगमधली व्होल्टेजची गळती. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही. त्यामुळे वायरीच्या पंचवीस तारांपैकी एकच शाबूत असली, तरी मीटर तिच्या टोकाला पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब लावून त्या एका तारेतून चार अँपिअर ओढले की मगच व्होल्टेज कोसळते. म्हणून गळती मोजताना दिवा किंवा सेल्फ चालू असावा लागतो आणि प्रोब त्या वायरीच्या किंवा स्विचच्या दोन टोकांना लावावे लागतात. मीटरवर दिसणारा आकडा म्हणजे तेवढ्या भागात वाया गेलेले व्होल्ट. चांगल्या जोडात किंवा स्विचमध्ये तो ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त नसावा आणि दिव्याच्या सबंध वाटेवर मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा.

बॅटरीवर दिवा चालणारी एखादी जुनी ३५० सीसीची गाडी उदाहरणादाखल घेऊ. तिचा हेडलाइट पिवळसर पडतो, पण बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक आहेत. इंजिन बंद ठेवून दिवा लावला. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या पिनांवर १०.६. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत गेले. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने घटतो, त्यामुळे एवढ्या गळतीत साधारण चाळीस टक्के उजेड जातो. आता काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल प्रोब बल्बच्या अर्थ पिनेवर ठेवला, तर ०.२ दिसतात. म्हणजे अर्थची बाजू ठीक आहे आणि उरलेले १.६ धन बाजूला आहेत. आता एकेक भाग पाहायचा. बॅटरीपासून फ्यूजमार्गे चावीच्या स्विचपर्यंत ०.१, चावीच्या स्विचच्या आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वायरींमध्ये १.१ आणि तिथून हँडलवरच्या स्विचमार्गे बल्बपर्यंत ०.४. बेरीज बरोबर १.६ येते, म्हणजे काही निसटलेले नाही. दोष चावीच्या स्विचमध्ये आहे. तिथे सुमारे चार-साडेचार वॅट उष्णता होऊन वाया जात आहेत. स्विचचा कपलर हाताला गरम लागतो आणि त्याचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसते.

सेल्फ जड फिरत असेल तर हीच रीत मोठ्या केबलींना लावावी. एक प्रोब बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. ०.३ पेक्षा जास्त आकडा आला तर अर्थच्या केबलीखाली गंज किंवा रंग आहे. प्रोब केबलीच्या लगवर नव्हे, तर प्रत्यक्ष खांबावर टेकवावा, कारण गंज बहुतेकदा या दोहोंच्या मध्येच असतो. चार्जिंग कमी येत असेल तेव्हाही आरआर युनिटच्या धन वायरीपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची गळती आधी पाहावी. नवे युनिट टाकूनही चार्जिंग न येणाऱ्या गाड्यांत कित्येकदा तिथला कपलर जळालेला सापडतो.

एक मर्यादा मात्र आहे. १००-१२५ सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. तिथे वरचे डीसीचे आकडे लागू होत नाहीत.

उदाहरणातल्या गाडीत चावीच्या स्विचचे काँटॅक्ट साफ केल्यावर, किंवा स्विच बदलल्यावर, त्याच दोन वायरींमध्ये पुन्हा मोजावे. आकडा ०.१ च्या खाली आला आणि बल्बवर साडेअकराच्या वर व्होल्ट पोचू लागले, तरच दुरुस्ती झाली असे धरावे.