केबल चालते, तरी कंडेन्सर माइक मुका का?

रंगमंचावर कंडेन्सर माइक लावला आहे, 30 मीटरची केबल सभागृहाच्या मागच्या मिक्सरपर्यंत आणली आहे, आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र नुसता सूंऽऽ असा आवाज येतो. दोष बहुतेकदा केबलच्या लांबीवर ढकलला जातो. पण 30 मीटर हे अशा केबलसाठी फारसं अंतर नाही. शिवाय तो सूं आवाज माइकचा नसून मिक्सरचाच असतो: काहीच ऐकू येईना म्हणून गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं जातं आणि मिक्सर स्वतःचीच कुजबुज मोठी करून ऐकवतो. म्हणून आधी गेन खाली आणावा.

मग 48V लिहिलेलं बटण पाहावं. कंडेन्सर माइकला वीज लागते आणि ती याच केबलमधून जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात. बटण दाबताना चॅनल म्यूट ठेवावा, नाहीतर स्पीकरमधून मोठा ठोका बसतो. केबल तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटातच हवी. मिक्सरच्या बाजूला साधा जॅक असेल तर सहसा ही वीज मिळतच नाही.

एवढं करूनही माइक मुकाच असेल, तर पुष्कळ जण त्याच केबलला गाण्याचा साधा डायनॅमिक माइक जोडतात. तो खणखणीत वाजतो, आणि केबल निर्दोष ठरवून कंडेन्सर माइक दुरुस्तीला पाठवला जातो. हा निष्कर्ष घाईचा आहे. डायनॅमिक माइकचा आवाज दोन आणि तीन नंबरच्या पिनांवरून येतो, त्याला एक नंबरची पिन तुटलेली असली तरी चालतं. फँटम पॉवर मात्र दोन आणि तीनवरून जाते आणि एक नंबरला जोडलेल्या तारेच्या जाळीतून परतते. ती जाळी तुटली की मंडल पूर्ण होत नाही.

खात्री करायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. माइककडचं टोक सोडवून एक आणि दोनमध्ये, मग एक आणि तीनमध्ये मोजावं. आकडे नंबर पिनांजवळ कोरलेले असतात. दोन्हीकडे साधारण 48 (44 ते 52) आणि जवळजवळ सारखे आकडे हवेत. इथे काहीच नाही, पण मिक्सरच्या सॉकेटात 48 मिळतात, तर दोष केबलमध्येच. एकाच जोडीत वीज मिळत नसेल, तर दोन किंवा तीनची तार तुटली आहे. मग माइक कधी बंद पडतो, कधी क्षीण वाजतो आणि गुणगुणतो.

तार बहुधा कनेक्टरच्या तोंडाशी, जिथे केबल रोज वाकते, तिथेच तुटते. कनेक्टर उघडला की एक नंबरवरून निखळलेली जाळी दिसते. तुटका भाग कापून नवी टोकं सोलावीत, सोल्डर करावं आणि केबलची पकड घट्ट आवळावी.

मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एखाद्या धाग्यावर टेकलेला जोडही त्याला 48 दाखवू शकतो. म्हणून मोजताना टोक हलवून पाहावं, आणि शंका राहिलीच तर तोच माइक खात्रीच्या छोट्या केबलने मिक्सरशी जोडावा. तिथेही तो मुका राहिला, तरच त्याला दुरुस्तीला न्यावं.