ऑन, इन, टू : सुटे शिकू नका

'ही इज अँग्री ऑन मी.' मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. शब्द सगळे माहीत आहेत, रचनाही ठीक आहे, चुकला आहे तो एवढासा 'ऑन'. मराठीत आपण कुणावर तरी रागावतो आणि त्या 'वर'चाच इंग्रजीत 'ऑन' करून टाकतो. इंग्रजीत माणसावरचा राग 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री ॲट' असा सांगतात.

शाळेत ही शब्दयोगी अव्ययं टेबल आणि मांजराच्या चित्रांवरून शिकवतात. ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत. वस्तू कुठे आहे हे सांगायला तेवढं पुरतं. पण 'डिपेंड ऑन'मधला 'ऑन' कसलीच जागा दाखवत नाही. तो त्या क्रियापदाला रूढीने चिकटलेला आहे. मराठीत तरी वेगळं काय आहे? आपण सापाला घाबरतो, शेजाऱ्याशी भांडतो, काकांकडे पैसे मागतो. कुठे 'ला', कुठे 'शी' आणि कुठे 'कडे', याचा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. लहानपणापासून ते शब्द जोडीनेच कानांवर पडलेले असतात.

खरी अडचण अशी की मराठी काही वेळा बरोबर उत्तर देते. पीक पावसावर अवलंबून असतं, इंग्रजीतही 'डिपेंड ऑन'. गाण्यात रस असतो, तिथेही 'इंटरेस्टेड इन'. त्यामुळे भाषांतरावर भरवसा बसतो आणि पुढे फसगत होते. डॉक्टरशी लग्न झालं म्हणून 'मॅरीड विथ अ डॉक्टर' म्हटलं जातं, हवं असतं 'मॅरीड टू'. सापाला घाबरतो, पण 'अफ्रेड ऑफ'. आणि सर्वांत फसव्या जागा त्या, जिथे मराठीत प्रत्यय आहे आणि इंग्रजीत काहीच नाही. आपण प्रश्नावर चर्चा करतो, इंग्रजीत मात्र 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम' एवढंच. 'डिस्कस्ड अबाउट' ही चूक उच्चशिक्षितांच्या ईमेलमध्येही सर्रास दिसते. त्यातून गंमत अशी की 'डिस्कशन' या नामापुढे 'अबाउट' चालतो. तसंच 'डिपेंडंट ऑन' म्हणायचं, पण 'इंडिपेंडंट ऑफ'. म्हणजे अर्थावरून किंवा शब्दाच्या कुळावरून अंदाज बांधून भागत नाही.

म्हणून शब्द पाठ करतानाच पूर्ण जोडी घ्यावी. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. परभाषिकांना शब्दाच्या अर्थाइतकीच तो वाक्यात कसा वापरायचा याची माहिती लागते, हे ओळखून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोश केला. तो 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि पुढे ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश म्हणून जगभर पोचला. आजही त्या कोशात 'डिपेंड'खाली 'ऑन' आणि 'अपॉन' ठळक छापलेले असतात. आपण मात्र अर्थ पाहून पान उलटतो.

जोडी पक्की बसली की नाही, हे प्रश्न करून पाहिल्यावर कळतं. 'द क्रॉप डिपेंड्स ऑन द रेन' हे वाक्य घ्या. यातलं 'द रेन' काढून प्रश्न केला तर होतो, 'व्हॉट डज द क्रॉप डिपेंड ऑन?' नाम पुढे गेलं तरी 'ऑन' क्रियापदापाशीच थांबला. जोडी न शिकलेला माणूस इथे 'ऑन' गाळतो. 'हू आर यू वेटिंग फॉर?' या प्रश्नातला 'फॉर'ही असाच गळतो.

पुढे क्रिया सांगायची असेल तर क्रियापदाला 'इंग' लागतो : 'गुड ॲट ड्रॉइंग', 'अफ्रेड ऑफ फॉलिंग'. इथे अर्जाच्या पत्रातली एक नेहमीची चूक पाहू. 'आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' असं लिहिलेलं असतं, हवं 'हिअरिंग'. कारण 'वाँट टू गो'मधला 'टू' वेगळा आणि हा वेगळा. ओळखायचं कसं? 'टू'नंतर एखादं नाम ठेवून पाहा. 'लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' जमतं, 'वाँट टू द ट्रिप' जमत नाही. जिथे नाम जमतं तिथे 'इंग' लावायचा.

काही शब्दांच्या जोड्या एकाहून जास्त असतात. माणसाशी 'ॲग्री विथ', प्रस्तावाला 'ॲग्री टू', आणि दोघांनी मिळून तारीख ठरवली तर 'ॲग्री ऑन'. अशा शब्दांच्या तिन्ही जोड्या एकाच दिवशी घोकू नयेत, एकमेकींत मिसळतात. जी वाचनात आली ती त्या वाक्यासकट लिहून ठेवावी.

तुमच्या वहीत 'डिपेंड म्हणजे अवलंबून असणे' अशी ओळ असेल, तर ती खोडा आणि तिथे 'इट डिपेंड्स ऑन द रेन' लिहा. सगळी वही अशी करायची गरज नाही. मराठी प्रत्यय जिथे चुकीच्या वाटेला नेतो, तेवढ्या जोड्या आधी घ्या : अँग्री विथ, मॅरीड टू, अफ्रेड ऑफ आणि कुठल्याही अव्ययाविना 'डिस्कस'.