हरवलेल्या बिलांची यादी

समजा, इचलकरंजीत एका ताईंचं ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचं छोटं दुकान आहे. नगावर काम करणारे दोन-तीन कारागीर आहेत. २०२४-२५ या वर्षाचा हिशेब द्यायची वेळ आली, तर पिशवीत निम्मी बिलंच नाहीत. त्यांनी अकाउंटंटना असं पत्र लिहिलं:

“नमस्कार साहेब, पिशवी सोबत पाठवते आहे. त्यात पुढची बिलं नाहीत. १२ जूनला एकाच दुकानातून १८,००० रुपयांचं अस्तर रोखीनं घेतलं, त्याची पावती हरवली. डिसेंबरात २२,००० रुपयांचं नवं ओव्हरलॉक मशीन घेतलं, पैसे यूपीआयनं दिले. बिल सापडत नाही, मशीनवरचा नंबर खाली लिहिला आहे. कारागिरांची मजुरी दर शनिवारी रोख देते. वहीत नग आणि रक्कम लिहिलेली आहे, सही मात्र कोणाची नाही. दोरा, बटणं, हुक, फॉल यांची किरकोळ खरेदी आहे, त्याची बिलं कोणी देत नाही. लाईटबिलं सगळी आहेत, पण घराचा आणि दुकानाचा मीटर एकच आहे. यातलं काय खर्चात धरता येईल, ते कळवावं.”

पत्र चांगलं आहे. ‘बिलं हरवली, बघून घ्या’ असं मोघम न लिहिता ताईंनी पैसे कधी दिले, कशासाठी दिले आणि कसे दिले ते सांगितलं आहे. अकाउंटंटला नेमकं हेच लागतं, कारण बिल हा खर्चाचा एकमेव पुरावा नसतो.

रीतसर वह्या ठेवून नफा काढायचा असेल, तर यादीतला अडचणीचा खर्च अस्तराचा आहे, आणि अडचण हरवलेल्या पावतीची नाहीच. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर आयकरासाठी तो खर्च नामंजूर होतो, आणि तोही पूर्ण १८,०००. पावती सापडली तरी फरक पडत नाही. त्याच दिवशी नऊ-नऊ हजारांच्या दोन पावत्या करून घेतल्या तरी नाही, कारण बेरीज दिवसाची धरतात.

मशीनचं उलट आहे. यूपीआयची नोंद बँकेत आहे आणि नंबर सांगितला की विक्रेता बिलाची दुसरी प्रत काढून देऊ शकतो. मात्र मशीन ही मालमत्ता असल्यामुळे २२,००० एकदम वजा होत नाहीत. दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल तर त्याच्या निम्मा, म्हणजे इथे १,६५० रुपये.

मजुरीच्या वहीला किंमत आहे. येत्या शनिवारपासून प्रत्येकाच्या नावापुढे त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. मागच्या तारखांच्या सह्या आता गोळा करू नयेत. दोरा-बटणांसाठी त्या-त्या दिवशी स्वतःचं व्हाउचर लिहिलं तरी चालतं, पण शिवलेल्या नगांच्या मानानं रक्कम पटण्याजोगी हवी. लाईटबिलातला दुकानाचा वाटा मशीनी, इस्त्री आणि कामाचे तास पाहून ठरवायचा, आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवायची.

एवढं झाल्यावर अकाउंटंट जो प्रश्न विचारतील तो पत्रात कुठेच नाही: वर्षाची एकूण जमा किती? लहान धंद्यांसाठी ‘४४एडी’ची सोय आहे. तिच्यात जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानतात: रोख जमेवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या जमेवर ६ टक्के. ताईंची जमा १४,४०,००० असेल आणि त्यातले ९,००,००० यूपीआयनं आले असतील, तर ५४,००० आणि ४३,२०० मिळून ९७,२०० रुपये नफा धरला जाईल. सगळा खर्च, घसाऱ्यासकट, यात वजा झालाच असं मानतात. अस्तराचा वाद उरत नाही आणि वेगळी वजावटही मागता येत नाही.

हा आकडा किमान आहे. ताईंच्या वहीप्रमाणे खरी शिल्लक चार लाखांच्या घरात निघत असेल, तर तीच दाखवावी, असं माझं मत आहे. नव्या कररचनेत २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता. म्हणजे धंद्याखेरीज दुसरं उत्पन्न नसेल तर ९७,२०० दाखवून एक रुपयाही वाचत नाही. उद्या मशीनसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक मात्र विवरणपत्रातलाच नफा बघते.

आणि हरवलेल्या बिलांच्या जागी कोणी ओळखीचा दुकानदार कोरी बिलं देऊ लागला, तर ती घेऊ नका. वहीत खोटं बिल नोंदलेलं सापडलं, तर त्या रकमेइतका दंड होऊ शकतो.