अनेक कर्जे, एक जादा रक्कम: अ‍ॅव्हलांच आणि स्नोबॉल पद्धतींचा हिशेब

एकाच वेळी तीन-चार कर्जे चालू असताना ती कोणत्या क्रमाने फेडावीत, यासाठी दोन पद्धती सांगितल्या जातात. अ‍ॅव्हलांच पद्धतीत ज्या कर्जाचा व्याजदर सर्वांत जास्त, ते आधी फेडले जाते. स्नोबॉल पद्धतीत ज्या कर्जाची शिल्लक सर्वांत कमी, ते आधी फेडले जाते. त्याचा व्याजदर कितीही असो. स्नोबॉल पद्धत अमेरिकेत डेव्ह रॅमसी या अर्थसल्लागाराने लोकप्रिय केली.

क्रम सोडला तर दोन्ही पद्धतींचे नियम सारखेच आहेत. प्रत्येक कर्जाचा ठरलेला हप्ता आणि क्रेडिट कार्डाची किमान देय रक्कम दर महिन्याला वेळेवर भरायची. त्यानंतर हाताशी उरणारी जादा रक्कम सर्व कर्जांत थोडी थोडी न वाटता एकाच कर्जात भरायची. ते कर्ज संपले की त्याचा सुटलेला हप्ता आणि जादा रक्कम मिळून पुढच्या कर्जाला लावायची. त्यामुळे दरमहा खिशातून जाणारी एकूण रक्कम शेवटपर्यंत तेवढीच राहते.

एका घराचा हिशेब

समजा, एका कुटुंबावर तीन कर्जे आहेत. दुचाकीच्या कर्जाचे 36,000 रुपये बाकी आहेत, व्याज वर्षाला 12 टक्के आणि हप्ता 2,000 रुपये. क्रेडिट कार्डाची थकबाकी 80,000 रुपये आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि त्यावर दरमहा किमान 4,000 रुपये भरले जातात. पर्सनल लोनचे दीड लाख रुपये बाकी आहेत, व्याज 18 टक्के आणि हप्ता 6,000 रुपये. तिन्ही मिळून महिन्याला 12,000 रुपये जातात. घरखर्च आवरून कुटुंबाने आणखी 4,000 रुपये बाजूला काढायचे ठरवले, म्हणजे कर्जांसाठी दरमहा 16,000 रुपये झाले. हिशेब सोपा राहावा म्हणून कार्डाच्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी येथे धरलेला नाही आणि कार्डाची किमान रक्कमही 4,000 रुपयांवर स्थिर मानली आहे.

पहिल्याच महिन्यात दुचाकीच्या कर्जावर 360, पर्सनल लोनवर 2,250 आणि कार्डावर 2,800 रुपये व्याज लागते. एकूण कर्जात कार्डाचा वाटा जेमतेम 30 टक्के असला, तरी व्याजात तो निम्म्याहून अधिक आहे. अ‍ॅव्हलांच पद्धतीचा सगळा आधार या एका गोष्टीत आहे. जादा 1,000 रुपये कार्डात भरले तर पुढच्या महिन्यापासून दरमहा 35 रुपये व्याज वाचते; तेच दुचाकीच्या कर्जात भरले तर 10 रुपये वाचते.

अ‍ॅव्हलांच पद्धतीने चालल्यास कार्डावर दरमहा 8,000 रुपये भरले जातात आणि कार्डाची थकबाकी तेराव्या महिन्यात संपते. मग मोकळे झालेले पैसे पर्सनल लोनकडे वळतात. विसाव्या महिन्याच्या शेवटी सर्व मिळून चारशेहून कमी रुपये उरतात, ते एकविसाव्या महिन्यात भरून कुटुंब मोकळे होते. या काळात एकूण व्याज सुमारे 54,400 रुपये जाते.

स्नोबॉल पद्धतीने आधी दुचाकीवर दरमहा 6,000 रुपये भरले जातात आणि ते कर्ज सातव्या महिन्यात संपते. त्यानंतर कार्डावर 10,000 रुपये जाऊ लागतात आणि कार्ड पंधराव्या महिन्यात मोकळे होते. पर्सनल लोनचा शेवटचा, जवळपास 8,000 रुपयांचा भरणा एकविसाव्या महिन्यात होतो. एकूण व्याज सुमारे 62,000 रुपये लागते.

दोन्ही पद्धतींनी शेवट एकाच महिन्यात झाला. अ‍ॅव्हलांचमुळे सुमारे 7,600 रुपये वाचले आणि स्नोबॉलमुळे पहिले खाते सहा महिने आधी बंद झाले. या उदाहरणापुरते बोलायचे तर स्नोबॉलची किंमत 7,600 रुपये आहे. ती मोजावी की नाही, हे माणसाच्या वागण्यावर ठरते.

प्रत्येक पद्धत काय गृहीत धरते

अ‍ॅव्हलांच पद्धत धीर गृहीत धरते. वरच्या उदाहरणात पहिले बारा महिने एकही कर्ज संपत नाही. तीन ठिकाणची देणी, तीन तारखा आणि तीन संदेश तसेच चालू राहतात. प्रगती होत असते, पण ती दिसते फक्त कार्डाच्या विवरणपत्रातल्या व्याजाच्या आकड्यात: 2,800 वरून सहा महिन्यांत तो सुमारे 1,600 वर येतो. हा आकडा दर महिन्याला बघून ज्याला समाधान वाटते, त्याला ही पद्धत मानवते. ज्याला तसे वाटत नाही, त्याचे जादा 4,000 रुपये एखाद्या सणाला, लग्नाला किंवा शाळेच्या फीला वळतात आणि पुढे वळतच राहतात.

तसे झाल्यास काय होते, तेही मोजता येते. अ‍ॅव्हलांचने सहा महिने चालल्यावर कार्डाची बाकी सुमारे 45,900 रुपयांवर आलेली असते. तेथे जादा रक्कम थांबली आणि फक्त 4,000 रुपये भरणे चालू राहिले, तर कार्ड संपायला आणखी सात नव्हे, पंधरा महिने लागतात आणि एकट्या कार्डावर सुमारे साडेसात हजार रुपये जास्त व्याज जाते. अ‍ॅव्हलांचने जेवढी बचत होणार होती, जवळपास तेवढीच ही रक्कम आहे. क्रम अचूक निवडून जे मिळते, ते अर्ध्यात थांबल्याने सगळे निघून जाते.

स्नोबॉल पद्धत खाते बंद होण्याच्या समाधानावर उभी आहे. सातव्या महिन्यात दुचाकीचे कर्ज संपले की बँकेकडून ना हरकत दाखला मिळतो, आरटीओकडून आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घेता येतो आणि एक हप्ता कायमचा थांबतो. पुढच्या कर्जाला लागण्याचे बळ त्यातून येते, असे ही पद्धत मानते.

या मानण्याला अभ्यासाचा काही आधार आहे. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी 2012 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च’मध्ये अमेरिकेतल्या एका कर्जतडजोड कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण खात्यांपैकी जास्त खाती बंद करणारे लोक सर्व कर्जातून बाहेर पडण्याची शक्यता अधिक होती, आणि बंद झालेल्या खात्यांतली रक्कम मोठी होती की लहान, याने त्यात फरक पडत नव्हता. त्याआधी 2011 मध्ये मोटी अमार, डॅन एरिएली आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना खेळातली कर्जे फेडायला दिली होती. मोठ्या कर्जांवर व्याज जास्त असतानाही लोक लहान कर्जे संपवण्याकडे वळले आणि त्यात त्यांचे नुकसान झाले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात. खाते बंद करण्याची ओढ खरी आहे. तिला किंमत पडते आणि तिच्यामुळे माणूस टिकूनही राहतो. मात्र पहिला अभ्यास नोंदींवरचा आहे. खाती बंद झाल्यामुळे लोक टिकले, की टिकणारेच लोक खाती बंद करत होते, हे अशा नोंदींवरून पूर्णपणे वेगळे करता येत नाही.

स्नोबॉलचे दुसरे गृहीत अनेकदा दुर्लक्षित राहते: सुटलेला हप्ता पुढच्या कर्जाला लागलाच पाहिजे. दुचाकीचे कर्ज संपल्यावर 6,000 रुपये घरखर्चात मिसळले आणि कार्डावर पूर्वीसारखे 4,000 रुपयेच जात राहिले, तर कार्ड संपायला आठऐवजी सुमारे 28 महिने लागतात. एक खाते बंद करण्याचा आनंद मिळतो, पण सर्वांत महाग कर्ज जवळपास जागेवरच राहते. म्हणून कर्ज संपण्याच्या महिन्यातच कार्डाच्या ऑटो-पेची रक्कम वाढवून ठेवावी लागते.

भारतातील अडचणी

या पद्धती सांगताना एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते: कोणत्याही कर्जात हवी तेव्हा हवी तेवढी जादा रक्कम भरता येते. क्रेडिट कार्डात ते शक्य असते. हप्त्यांच्या कर्जात मात्र मुदतपूर्व परतफेडीचे नियम करारात पाहावे लागतात. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या व्याजदराच्या मुदत कर्जांवर बँकांनी असे शुल्क घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच सांगितले. पण दुचाकीचे कर्ज आणि पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचे असते आणि त्यांवर शुल्क लागू शकते. वरच्या उदाहरणात दुचाकीचे कर्ज लवकर फेडल्याने त्या कर्जावर सुमारे 2,600 रुपये व्याज वाचते. जादा भरलेल्या 24,000 रुपयांवर 4 टक्के शुल्क आणि जीएसटी लागला, तर त्यातले 1,100 रुपयांहून अधिक परत जातात. काही कर्जांत अंशतः परतफेड चालतच नाही. तेव्हा जादा रक्कम वेगळ्या खात्यात साठवून, शिल्लक भरण्याइतकी झाल्यावर कर्ज एकदम बंद करावे लागते. जेथे अंशतः परतफेड चालते, तेथे हप्ता कमी न करता मुदत कमी करावी, असे लेखी कळवणे महत्त्वाचे असते.

व्याजदराची तुलना करतानाही चूक होऊ शकते. फ्लॅट दराच्या कर्जात संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज धरले जाते. तीन वर्षांच्या कर्जावर 12 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर सुमारे 21 टक्के. असे कर्ज 18 टक्क्यांच्या पर्सनल लोनपेक्षा महाग असते, पण कागदावर स्वस्त दिसते. अ‍ॅव्हलांचचा क्रम लावताना सर्व दर घटत्या शिल्लकीचे असायला हवेत. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्तसंस्थांना नव्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलनेसाठी तोच आकडा घ्यावा.

निवड कशी करावी

प्रत्येक कर्जाची शिल्लक, दर आणि हप्ता कागदावर मांडून दोन्ही क्रमांनी महिन्यागणिक हिशेब करावा. सर्वांत लहान कर्जाचाच दर सर्वांत जास्त असेल, तर पहिला क्रमांक दोन्ही पद्धतींत तोच येतो आणि निवडीचा प्रश्न उरत नाही. सर्व दर जवळजवळ सारखे असतील, तर फरक काही शे रुपयांचा निघतो. तेथे स्नोबॉल जवळपास फुकट मिळते. कार्डाची मोठी थकबाकी आणि स्वस्त छोटी कर्जे एकत्र असतील, तर फरक वाढतो आणि अ‍ॅव्हलांचची बाजू भक्कम होते. दोन-तीन महिन्यांत संपणारे एखादे छोटे कर्ज असल्यास ते आधी संपवून मग दराच्या क्रमाने जाणे, हा मधला मार्गही स्वस्त पडतो.

कोणतीही पद्धत चालू असली, तरी ती बिघडल्याचे लक्षण एकच असते. दर महिन्याच्या शेवटी सर्व कर्जांची एकूण शिल्लक लिहून हिशेबातल्या आकड्याशी ताडावी. सलग दोन महिने ती अपेक्षेपेक्षा वर राहिली, तर जादा रक्कम दुसरीकडे जात आहे किंवा कार्डावर नवी खरेदी होत आहे. नवी खरेदी हे कारण जास्त गंभीर असते, कारण थकबाकी असताना कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून 42 टक्क्यांनी व्याज सुरू होते. थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत ते कार्ड वापरातून बाहेर ठेवल्याशिवाय दोन्हीपैकी कोणताही क्रम लागू पडत नाही.