सुरुवात कुठून करायची?

सरकी पेंड 30 रुपये किलो आणि मक्याचा भरडा 20 रुपये किलो आहे असं धरू. दुभत्या गाईला दिवसाला प्रथिनांचे किमान 6 आणि ऊर्जेचे किमान 7 एकक मिळायला हवेत. एक किलो पेंडीत प्रथिनांचे 3 आणि ऊर्जेचा 1 एकक आहे. भरड्यात प्रथिनांचा 1 आणि ऊर्जेचे 2. आकडे हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. पेंड x किलो आणि भरडा y किलो घेतला, तर 30x + 20y हा खर्च कमीत कमी ठेवायचा आणि दोन अटी पाळायच्या:

3x + y ≥ 6
x + 2y ≥ 7

असे प्रश्न सोडवायला जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली. अटींत बसणाऱ्या उत्तरांचा जो प्रदेश असतो, त्याच्या एका कोपऱ्यावरून ही पद्धत शेजारच्या, अधिक स्वस्त कोपऱ्यावर जाते. पण त्यासाठी आधी एका कोपऱ्यावर उभं राहावं लागतं. अटी ‘इतक्यापेक्षा जास्त नको’ अशा असत्या, तर काहीच न घेता, म्हणजे शून्यापासून, सुरुवात झाली असती. इथे शून्य घेतलं तर गाय उपाशी राहते आणि दोन्ही अटी मोडतात.

यावरचा उपाय म्हणजे कृत्रिम चल. पहिल्या अटीत a आणि दुसरीत b मिळवायचा. गरजेपेक्षा जास्त पडलेला भाग वेगळ्या चलांनी वजा होतो, त्यांना p आणि q म्हणू:

3x + y − p + a = 6
x + 2y − q + b = 7

आता x, y, p, q शून्य ठेवले की a = 6 आणि b = 7. सुरुवात मिळाली, पण ती कागदावरची. a आणि b म्हणजे न भागलेली गरज, ती शून्यावर आणल्याशिवाय उत्तर खरं होत नाही. ती कशी आणायची, इथे दोन पद्धतींच्या वाटा वेगळ्या होतात.

बिग-एम पद्धत दंड लावते. खर्चात M गुणिले (a + b) मिळवायचं, आणि M इतका मोठा धरायचा की कृत्रिम चल ठेवणं परवडूच नये. कागदावर M हे अक्षरच राहतं, त्यामुळे हाताने गणित करताना काही अडत नाही. संगणकाला मात्र आकडा द्यावा लागतो. M = 5 दिला, तर काहीच न घेण्याचा दंड 13 × 5, म्हणजे 65 रुपये होतो. खरं उत्तर 90 रुपयांचं आहे, तेव्हा यंत्र गाईला उपाशी ठेवणंच स्वस्त ठरवतं. M = 7 दिला, तर ते साडेतीन किलो भरडा घेतं आणि प्रथिनांचे 2.5 एकक अपुरे सोडून 87.50 वर थांबतं. या उदाहरणात M निदान 8 च्या वर हवा, पण ते उत्तर हाती आल्यावरच कळतं.

मग M प्रचंड धरावा? पेंडीच्या रकान्यात 30 − 4M असा आकडा येतो. संगणकाच्या नेहमीच्या दशांश हिशोबात साधारण 15-16 अंकच टिकतात. M = 10^18 असेल तर त्यातले 30 रुपये पुसलेच जातात. भावच हरवले, तर स्वस्त काय ते कशावरून ठरवणार?

टू-फेज पद्धतीत दंडच नाही. पहिल्या टप्प्यात भाव बाजूला ठेवून फक्त W = a + b कमी करायचं. सुरुवातीला W = 13. पेंड घेतली की x = 2, b = 5 आणि W = 5. मग भरडा आत येतो आणि x = 1, y = 3 वर W = 0 होतो. आता कृत्रिम चल काढून टाकायचे आणि दुसऱ्या टप्प्यात खरे भाव आणायचे. इथे 90 रुपयांचा हाच कोपरा सर्वांत स्वस्त निघतो, हा योगायोग. एरवी याच्यापुढे आणखी काही पावलं टाकावी लागतात.

अक्षरी M घेऊन हाताने सोडवलं तर दोन्ही पद्धती बहुतेक त्याच कोपऱ्यांवरून जातात, कारण M च्या पुढे भावांचं काही चालत नाही. फक्त W मध्ये बरोबरी झाली की बिग-एम भाव बघून निवड करते. म्हणून परीक्षेत कोणतीही वापरा. यंत्रावर मात्र मी टू-फेजच निवडेन, आणि याचं मुख्य कारण अपयश ओळखण्यात आहे.

समजा, गाय दिवसाला 3 किलोपेक्षा जास्त खुराक खात नाही, अशी तिसरी अट आली. आता पहिला टप्पा x = y = 1.5 वर थांबतो आणि W = 2.5 राहतो. प्रथिनं पुरतात, ऊर्जेचे 2.5 एकक कमी पडतात. W शून्यावर आला नाही, म्हणजे तिन्ही अटी एकत्र पाळणं अशक्य आहे, हे सिद्ध झालं. बिग-एममध्ये M = 7 धरल्यावरही 2.5 च उरले होते, पण तिथे उत्तर होतं, दंड तेवढा तोकडा होता. त्या पद्धतीत उरलेला आकडा पाहून अटींचं भांडण आहे की M लहान पडला, हे सांगता येत नाही. टू-फेजमध्ये W थेट सांगतो. संगणकावर तो नेमका 0 न येता 0.0000001 असा काही येऊ शकतो, म्हणून किती लहान आकड्याला शून्य मानायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.